त्याच क्रॉस केबलवर लॅपटॉप चालतो, मशीन चालत नाही. कार्ड गेलं म्हणायचं का?

शॉपफ्लोअर_वागळे

वागळे इस्टेटमध्ये छोटं मशीन शॉप आहे. जुन्या सीएनसी लेथला ऑफिसमधून प्रोग्रॅम पाठवायला छताखालच्या ट्रेमधून नेटवर्क केबल टाकलेली आहे, साधारण ४० मीटर. ऑफिसमधला आठ पोर्टचा साधा स्विच गेला, म्हणून वापरलेला २४ पोर्टचा सिस्कोचा मॅनेज्ड स्विच आणून लावला, १०० एमबीपीएसवाला. तेव्हापासून मशीनची लिंकच येत नाही, दोन्हीकडचे दिवे बंद. तीच केबल मशीनमधून काढून लॅपटॉपला लावली की लगेच लिंक येते, पिंगही जातं.

केबलवर कोणीतरी मार्करने 'क्रॉस' लिहून ठेवलंय. सर्व्हिसवाला म्हणतो मशीनचं नेटवर्क कार्ड गेलं, बदला. ते कार्ड आता सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही. त्याआधी काय तपासू? हल्ली क्रॉस-स्ट्रेट बघावं लागत नाही असंच ऐकत आलोय.

कोपरी_कनेक्ट

बरोबरच ऐकलंय. क्रॉस केबलचा जमाना गेला, आता पोर्टच स्वतः ओळखतं आणि जुळवून घेतं. लॅपटॉप चालतो म्हणजे केबल ठीक आणि स्विचही ठीक. उरलं काय? मशीनचं कार्ड. सर्व्हिसवाल्याचं ऐका.

तांब्याची_तार

थांबा, इतक्यात कार्ड मागवू नका. लॅपटॉप चालला यावरून एवढंच कळतं की केबलमधली एकही तार तुटलेली नाही. लॅपटॉपचं पोर्ट स्वतः बाजू बदलू शकतं, त्यामुळे केबल सरळ आहे की उलटी हे तो सांगणारच नाही. साक्षीदार म्हणून इथे त्याचा उपयोग नाही.

दोन गोष्टी सांगा. एक, दोन्ही टोकांच्या जॅकमधला रंगांचा क्रम. क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल तुमच्याकडे अशी धरा, म्हणजे डावीकडून पहिली पिन १. दोन, ऑफिसमधले बाकीचे पीसी नवीन स्विचवर कसे चालतात? 'चालतात' एवढं नको. मोठी फाइल कॉपी करून बघा आणि मग लिहा.

शॉपफ्लोअर_वागळे

मशीनकडे: पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-नारिंगी, निळा, पांढरा-निळा, नारिंगी, पांढरा-ब्राउन, ब्राउन.
ऑफिसकडे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राउन, ब्राउन.

आणि हो, पीसींचं तुम्ही विचारलंत म्हणून पाहिलं. इंटरनेट ठीक वाटतं, पण सर्व्हरवर मोठं ड्रॉइंग टाकताना रांगतंय. अकाउंट्सवाल्या मॅडम स्विच बदलल्यापासून तक्रार करतायत, मी टॅलीला दोष देत होतो.

तांब्याची_तार

मग बहुधा मशीन निर्दोष आहे. टॅलीसुद्धा. सविस्तर लिहितो.

तुमच्या केबलचं एक टोक ए पद्धतीचं आणि दुसरं बी पद्धतीचं आहे, म्हणजे मार्करवाल्याने खरं लिहिलंय. अशा केबलमध्ये पिन १ पलीकडे ३ वर जाते, २ ही ६ वर, आणि ३ व ६ परत १ व २ वर. निळी आणि ब्राउन जोडी जागच्या जागी राहते. १० आणि १०० एमबीपीएसला निळ्या-ब्राउनचा वापरच होत नाही, म्हणून त्या काळी तेवढं पुरायचं.

मशीन, पीसी यांचं कार्ड १-२ वर बोलतं आणि ३-६ वर ऐकतं. स्विचचं पोर्ट आतूनच उलटं जोडलेलं असतं, ते १-२ वर ऐकतं आणि ३-६ वर बोलतं. म्हणून पीसी ते स्विच सरळ केबल. पीसी ते पीसी किंवा स्विच ते स्विच असेल तर दोन्हीकडे सारखीच रचना, म्हणून मध्ये केबल उलटी. वाटेत एकूण किती ठिकाणी अदलाबदल होते ते मोजायचं. स्विचच्या पोटातली एक धरून हा आकडा विषम आला पाहिजे. तुमच्याकडे स्विचमध्ये एक आणि केबलमध्ये एक, झाल्या दोन. म्हणजे मशीनचं बोलणं स्विचच्या बोलण्याच्या जोडीवर जातंय आणि ऐकायला कोणीच नाही. दिवा लागणार कसा?

आता ही केबल इतकी वर्षं चालली कशी? माझा अंदाज, कधीकाळी मशीनला थेट पीसी जोडलेला होता, म्हणून क्रॉस टाकली. पुढे मध्ये स्विच आला, तो स्वतः बाजू ओळखणारा होता, त्यामुळे चूक झाकली गेली. ही ओळख दोन्हीकडे असावी लागत नाही, एका बाजूला असली तरी भागतं. जुन्या स्विचला होती. लॅपटॉपला आहे. तुमच्या मशीनच्या कार्डाला नाही. नवीन स्विचला असायला हवी, पण बंद पडलेली दिसते.

बंद का पडली, तर सिस्कोच्या या जातीच्या स्विचवर पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स हाताने ठरवून दिलं की बाजू ओळखणं नीट चालत नाही. दोन्ही ऑटोवर हवेत. डुप्लेक्स फुल म्हणजे बोलणं-ऐकणं एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने. वापरलेला स्विच आहे, आधीच्या मालकाने पोर्ट १०० फुलवर बांधून ठेवले असणार. तुमचे पीसी रांगतात तेही त्यामुळेच. पीसी ऑटोवर आहे, समोरून वाटाघाटीला कोणी येत नाही. मग तो वेग सिग्नलवरून ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखायला मार्ग नसतो, म्हणून नियमाप्रमाणे हाफ धरतो. स्विच फुल, पीसी हाफ. छोटं पान उघडतं, मोठी फाइल अडखळते.

स्विचच्या आत जाऊन कॉन्फिगरेशन बघा.

नेरुळ_सेक्टर२०

मध्येच विचारतो. माझ्याकडे स्विचच्या खोक्यात निळी चपटी केबल आली होती, दोन्हीकडचे रंग एकमेकांच्या उलट क्रमात आहेत. तीच क्रॉस केबल ना? वागळेवाल्यांना लागत असेल तर देतो, ठाण्याला येणं होतंच.

तांब्याची_तार

नाही हो, ती कन्सोल केबल. तिच्यात १ ची ८, २ ची ७ असा पूर्ण उलटा क्रम असतो. ती नेटवर्क पोर्टसाठी नाहीच, स्विचच्या मागच्या कन्सोल पोर्टमधून सिरियलने आत शिरायला असते. दोन पीसींच्या मध्ये लावलीत तर काही होणार नाही.

पण द्याच त्यांना. वापरलेल्या स्विचचा आयपी आणि पासवर्ड कोणाला माहीत असतो? शॉपफ्लोअर, यूएसबी-सिरियल अडॅप्टर घ्या, टर्मिनलमध्ये ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

शॉपफ्लोअर_वागळे

नेरुळकर, आभारी आहे, केबल मिळाली. पासवर्ड नव्हताच. मशीन ७ नंबरला आहे:

```
interface FastEthernet0/7
 speed 100
 duplex full
```

१ ते २४ सगळीकडे हेच आहे.

कोपरी_कनेक्ट

बरं, माझा निदानाचा अंदाज चुकला. पण उपाय सोपाच झाला की. सगळे पोर्ट ऑटो करा, केबलला हात लावायची गरज नाही. नाहीतर स्विच आणि मशीनच्या मध्ये पाच पोर्टचा साधा स्विच टाका, तो ओळखून घेईल.

सुषमा_ऐरोली

पीसींच्या पोर्टसाठी हे बरोबर आहे, मशीनसाठी घाई करू नका. जुन्या कंट्रोलरमध्ये नेटवर्क कार्ड बरेचदा १०० फुलवर बांधलेलं असतं, आणि काहींमध्ये ते बदलायला मेनूच नसतो. तसं असेल तर स्विच ऑटोवर गेल्यावर दिवा लागेल, सगळे खूश होतील, आणि जो गोंधळ आज पीसींवर आहे तोच उलट्या बाजूने मशीनवर होईल. मशीन फुल, स्विच हाफ. मध्ये टाकलेला पाच पोर्टचा स्विचही असाच फसेल, फक्त त्याच्यात आकडे बघायची सोय नसल्यामुळे कळणार नाही.

मशीनवर चालू असलेला प्रोग्रॅम अर्ध्यात तुटणं हे ऑफिसच्या फाइलसारखं नाही. आधी तपासा.

तांब्याची_तार

सुषमाताईंशी सहमत. तपासणं सोपं आहे. ७ नंबर तात्पुरता ऑटो करा:

```
interface FastEthernet0/7
 speed auto
 duplex auto
 mdix auto
```

लिंक आल्यावर `show interfaces status` द्या. डुप्लेक्सच्या रकान्यात `a-full` दिसलं तर मशीनने वाटाघाट केली, प्रश्न मिटला, क्रॉस केबल आहे तशी राहू दे. `a-half` दिसलं तर मशीन वाटाघाट करत नाही. मग ते खरंच हाफ आहे की फुलवर बांधलेलं आहे, हे एक मोठा प्रोग्रॅम पाठवून ठरवायचं. पाठवताना `show interfaces FastEthernet0/7` मध्ये `late collision` चा आकडा वाढत गेला तर पलीकडे फुल आहे. दोन्हीकडे खरंच हाफ असेल आणि केबल १०० मीटरच्या आत असेल तर उशिराची टक्कर व्हायला नको.

कोपरी_कनेक्ट

एक शंका. हे सगळं १०० एमबीपीएसचं झालं. गिगाबिटमध्ये तर चारही जोड्या दोन्ही दिशांनी वापरतात, म्हणजे बोलायची आणि ऐकायची जोडी वेगळी नाहीच. मग तिथे क्रॉस हा प्रकारच उरत नाही ना?

तांब्याची_तार

अर्धं बरोबर. चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही बाजू बोलतात आणि आपलाच आवाज वजा करून समोरचा ऐकतात, हे खरं. पण जोड्यांना नावं आहेत आणि कुठली जोडी कुठे यावी हे १९९९ च्या मानकात ठरलेलं आहे. शिवाय वाटाघाटीचे पहिले सिग्नल पूर्वीच्याच दोन जोड्यांवर जातात, चारही जोड्यांचं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणून तिथेही अदलाबदल करावीच लागते, फक्त ती चिप करते.

ती कशी करते हे बघण्यासारखं आहे. पोर्ट एक बाजू निवडतं, साधारण ६० मिलिसेकंद ऐकतं. काही ऐकू आलं नाही तर बाजू बदलायची की तीच ठेवायची हे यादृच्छिकपणे ठरवतं आणि पुन्हा ऐकतं. यादृच्छिक अशासाठी, की दोन्हीकडे असलीच पोर्ट असतील आणि दोघांनी ठरावीक तालात बाजू बदलली तर ती कायम एकमेकांना चुकवत राहतील. समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच वेळी डावीकडे, मग एकाच वेळी उजवीकडे सरकतात तसं.

मानकात हे ऐच्छिक आहे, तरी गिगाबिटच्या जवळजवळ सगळ्या चिपमध्ये असतं. आणि तांब्यावरच्या गिगाबिटला वाटाघाट सक्तीची असल्यामुळे ती बंद करून घोळ घालायची सोयच राहिली नाही. क्रॉस केबल दुकानातून नाहीशी झाली ती यामुळे. तुमच्यासारखी प्रकरणं उरली ती १०० च्या स्विचवर, हाताने बांधलेल्या पोर्टवर आणि जुन्या यंत्रांवर.

नेरुळ_सेक्टर२०

आमच्या सोसायटीत कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज जाते. एका जिन्यातली केबल क्रॉस निघाली तर कॅमेरा जळेल का? एका केबलवाल्याने तशी भीती घातलीय.

सुषमा_ऐरोली

कॅमेरा आणि स्विच दोन्ही मानकाप्रमाणे पीओई असतील तर नाही. मानकाप्रमाणे उपकरणाने अधिक-उणे कुठल्याही बाजूने आलं तरी चालवून घ्यायचं असतं. शिवाय आधी ओळख पटल्याशिवाय स्विच वीज सोडतच नाही.

स्वस्त पॅसिव्ह इंजेक्टर असेल तर लक्ष द्या. तो ओळखबिळख न करता सरळ ४-५ वर अधिक आणि ७-८ वर उणे सोडतो. वर चर्चेत असलेल्या क्रॉस केबलमध्ये निळी-ब्राउन जागेवरच असते, त्यामुळे तिथेही काही उलटत नाही. पण गिगाबिटसाठी चारही जोड्या उलटवून केलेली क्रॉस केबल असेल तर ४-५ जाऊन ७-८ वर बसतं आणि अधिकचं उणे होतं. कॅमेऱ्यात संरक्षण असेल तर तो नुसता चालू होणार नाही, नसेल तर केबलवाल्याचं म्हणणं खरं ठरू शकतं. कॅमेरा जोडण्याआधी मीटर लावून बघा.

शॉपफ्लोअर_वागळे

पीसींचे पोर्ट ऑटो केले, अकाउंट्स खूश. ७ नंबर ऑटो केल्याबरोबर मशीनची लिंक आली! पण `a-half`, `a-100`. छोटे प्रोग्रॅम जातात, मोठा मोल्डचा प्रोग्रॅम मध्येच तुटतो आणि `late collision` प्रत्येक वेळी वाढतं. म्हणजे सुषमाताई म्हणतात तसंच. मशीनच्या मेनूत डुप्लेक्सचं काही सापडलं नाही.

मग ७ नंबर परत १०० फुल करून केबल सरळ करू का? दुसरा एक विचार: ऑफिसकडे कपलर लावून अजून एक छोटी क्रॉस पॅच कॉर्ड जोडली तर? दोन क्रॉस मिळून सरळ होईल ना?

तांब्याची_तार

होईल, एकूण तीन अदलाबदली, विषम. तपासण्यापुरतं जरूर करा, दोन मिनिटांचं काम आहे. पण कायमचं ठेवू नका. पुढचा माणूस ती पॅच कॉर्ड साधी समजून बदलेल आणि हाच धागा पुन्हा निघेल.

कायमचं करायचं तर फक्त ऑफिसचं टोक नव्याने क्रिंप करा. मशीनचं टोक पॅनेलच्या आत आहे आणि ए पद्धतीचं आहे, त्याला हात लावू नका, ऑफिसचंही ए करा. जुना जॅक कापा. वरचं आवरण साधारण ३ सेंटीमीटर सोला, आतल्या तारेला चरा पडू देऊ नका. पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-नारिंगी, निळा, पांढरा-निळा, नारिंगी, पांढरा-ब्राउन, ब्राउन असं लावून सरळ करा आणि मग १२-१३ मिलिमीटर ठेवून एका रेषेत कापा. पीळ सुटलेला भाग याहून लांब नको. जॅकमध्ये ढकलल्यावर आठही तांब्याची टोकं समोरून दिसली पाहिजेत आणि वरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर केबल ओढली की ताण तारांवर येतो. ट्रेमधली केबल बहुतेक सॉलिड तारेची असेल, कनेक्टर सॉलिडसाठीचाच मागा. मऊ तारेचा जॅक त्यावर आज चालतो आणि पावसाळ्यात सुटतो.

एक चूक फार होते. लोक रंग जोडीजोडीने लावतात, ३-४ वर एक जोडी आणि ५-६ वर दुसरी. ३ आणि ६ एकाच जोडीचे हवेत. मधले ४-५ टेलिफोनच्या जोडीसाठी राखले गेले, म्हणून ही जोडी त्यांच्या दोन बाजूंना विभागली. चुकलात तर दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर १ ते ८ ओळीने लागून सगळं छान दिसेल, कारण तो फक्त तार पोचते का बघतो. प्रत्यक्षात ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांमधून जातील, पीळ निरुपयोगी होईल आणि ४० मीटरवर १०० एमबीपीएसला चुकाच चुका येतील.

आता टेस्टरवर तुमची केबल १-३, २-६, ३-१, ४-४, ५-५, ६-२, ७-७, ८-८ अशी दाखवेल. क्रिंप केल्यावर सगळं समोरासमोर यायला हवं. आणि ते 'क्रॉस' पुसून टाका.

कोपरी_कनेक्ट

पण पोर्ट १०० फुलवर बांधायचा म्हणजे ज्या गोष्टीने घोळ झाला तीच परत करायची? मला अजून पटत नाही. मी मशीनवाल्याकडून ऑटोचं फर्मवेअर मागितलं असतं.

सुषमा_ऐरोली

मिळालं तर उत्तमच, पण कंट्रोलर इतका जुना असेल तर मी त्यावर थांबले नसते. घोळ बांधल्यामुळे झाला नाही, एकाच बाजूने बांधल्यामुळे झाला. दोन्हीकडे १०० फुल असेल तर चालतं. फक्त पोर्टवर `description` मध्ये लिहून ठेवा, की हा पोर्ट मुद्दाम बांधलाय आणि केबल सरळच हवी.

शॉपफ्लोअर_वागळे

ऑफिसचं टोक ए केलं, टेस्टर समोरासमोर. ७ नंबर १०० फुल. लिंक आली, मोठा प्रोग्रॅम एका दमात गेला, टकरींचा आकडा शून्य. `description` लिहिलंय. कार्डाची ऑर्डर रद्द.

फक्त `CRC` चा आकडा अधूनमधून एक-दोनने वाढतो. सोडून देऊ का?

सुषमा_ऐरोली

स्पिंडल फिरत असतानाच वाढतो का ते बघा. ट्रेमध्ये नेटवर्क केबलच्या शेजारून ड्राइव्हची पॉवर केबल जाते का? जात असेल तर आधी दोन्ही वेगळ्या करा.

तांब्याची_तार

किंवा पॅनेलमधलं जुनं टोक. शॉपमध्ये कूलंटचा ओशट थर जॅकच्या पट्ट्यांवर बसतो. `clear counters FastEthernet0/7` द्या, एक पाळी मशीन चालू ठेवून आणि एक पाळी बंद ठेवून आकडे घ्या, दोन्ही इथे टाका. मशीन बंद असतानाही फाइल पाठवायची, नाहीतर मोजायला फ्रेमच नसतील.

शॉपफ्लोअर_वागळे

म्हणजे कंट्रोल चालू आणि स्पिंडल बंद असं ना? पॉवर केबल शेजारूनच जाते, आत्ताच वर चढून पाहिलं. शनिवारी आकडे टाकतो.